अनारक्षित डब्याचे दार

मावळातल्या सोमाटणे गावाचा तरुण रेल्वेला नवखा नसतो. फाट्यावरून रिक्षा करून तळेगाव स्थानक गाठावे, पुणे-लोणावळा लोकल पकडावी, चिंचवडला किंवा शिवाजीनगरला उतरून कामधंदा अथवा महाविद्यालय पाहावे आणि संध्याकाळी त्याच मार्गाने परतावे, हा परिपाठ त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. आणि म्हणूनच, ज्या दिवशी एखादी पत्र्याची पेटी, एक सॅक आणि खाण्याची पिशवी घेऊन लांब पल्ल्याच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात प्रथमच शिरण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो, त्या दिवशी लोकलने लावलेल्या सवयींचा त्याला उपयोग होण्याऐवजी अपायच होण्याचा संभव अधिक असतो. रेल्वे तीच, फलाट तोच, परंतु दार निराळे असते. या प्रकरणात त्या दाराविषयीच मुख्यत्वेकरून लिहावयाचे आहे, कारण अनारक्षित प्रवासातील गैरसोयी पुष्कळ असल्या, तरी जिवावर बेतणारा धोका बहुतांशी फलाट आणि डब्याचा आतला बोळ यांच्यामधल्या दोन हातांच्या जागेत, आणि तोही मिनिट-दोन मिनिटांच्या अवधीतच साठलेला असतो.

आपल्या प्रदेशाला या गर्दीचा परिचय फार जुना आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली खुला झाला आणि बोरघाट १८६३ साली जोडला गेला. तेव्हापासून मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा बहुतेक प्रत्येक तिसऱ्या वर्गाचा उतारू लोणावळे, तळेगाव या मार्गानेच पुढे गेलेला आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये मुंबईहून मद्रासला निघालेले महात्मा गांधी याच उतारूंपैकी एक होते. त्या प्रवासाची जी हकीकत त्यांनी लिहून ठेवली तीत असे नमूद आहे की, बावीस माणसांसाठी नेमून दिलेल्या त्या डब्यात पुण्यापर्यंत जर बावीसांहून अधिक माणसे शिरली नाहीत, तर ती बंदोबस्तामुळे नव्हे, आतील धीट मंडळींनी बाहेरच्यांना दारातच थोपवून धरल्यामुळे. आणि रायचूरच्या पुढे तर ती दाटी असह्य झाली. त्याच सुमारास लाहोर स्थानकावर कलकत्त्याची गाडी धरताना एका हमालाने बारा आणे घेऊन त्यांना खिडकीतून आत लोटले होते, हेही त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. तिसरा वर्ग १९७४ साली नावाने संपला. परंतु दाराशी उभा राहून आत येणाऱ्यास अडविणारा मुसाफर आणि खिडकीतून आत जाण्याची तजवीज सांगणारा मनुष्य, हे दोघेही आज आपल्याला पुण्याच्या फलाटावर भेटतात.

आता लोकलचे दार आणि मेल-एक्सप्रेसचे दार यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. लोकलचा दरवाजा रुंद असतो, दोघे-तिघे एकदम आत-बाहेर करू शकतात, डब्याची जमीन फलाटाच्या जवळपास असते, आणि आत शिरताच उभे राहण्यास मोकळी जागा मिळते. लांब पल्ल्याच्या डब्याचे दार असे असते की त्यातून सामान घेतलेला एकच मनुष्य एका वेळी जाऊ शकेल. दाराखाली पायऱ्या असतात, डब्याची जमीन फलाटाहून बरीच उंच असते, दोन्ही अंगांना धरावयाच्या उभ्या दांड्या असतात, आणि आत पाऊल टाकताच समोर शौचालय व हात धुण्याचे भांडे यांच्यामधला अरुंद बोळ येतो. म्हणजे बाहेरून जोर करणारी माणसे पन्नास असली, तरी आत घेणारी वाट एकाच माणसाची. आणि त्या वाटेत एखाद्याने पेटी खाली ठेवली, की मागचे सारे लोक आपल्याच दाबाने दारात अडकतात. लोकलला वेग घेताना पळत जाऊन धरणारा, किंवा थांबण्यापूर्वीच उतरणारा तरुण हीच सवय येथे घेऊन आला, म्हणजे पायरीची उंची, हातातील वजन आणि समोरचा चिंचोळा बोळ या तिन्ही गोष्टींचा अंदाज त्याला चुकतो.

यासाठी पहिली तयारी घरच्या ओट्यावर व्हावयास हवी. द्वितीय श्रेणीच्या उतारूस पस्तीस किलो सामान विनामूल्य नेण्याची मुभा आहे. पण ही रेल्वेने घातलेली मर्यादा झाली, आपल्या देहाने घातलेली नव्हे. खरी परीक्षा अशी करावी: निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व सामान अंगावर घ्यावे, एक हात पूर्णपणे मोकळा ठेवावा, आणि ओट्याच्या तीन पायऱ्या न थांबता, कठड्याला एकाच हाताने धरून चढून पाहावे. ज्यास हे साधत नाही त्याने सामान कमी करावे, कारण गाडीच्या दारात मोकळा हात हाच मनुष्याचा आधार असतो. दोन्ही हातांत दोन पिशव्या आणि काखेत वळकटी घेऊन चढणाऱ्याचा पाय जर पायरीवरून घसरला, तर दांडी धरावयास त्याच्यापाशी काहीच उरत नाही. तेव्हा एक पाठीवरची सॅक आणि एका हातात मावेल असा एकच नग, एवढ्यावर भागवावे. तिसरा नग झालाच, तर तो सोबत्याकडे असावा. पत्र्याच्या पेटीहून कापडी पिशवी बरी, कारण ती बाकाखाली दबून बसते आणि दुसऱ्याच्या घोट्यास कोपरा लागत नाही. लोंबणारे पट्टे, बंद आणि ओढणीची टोके आत खोचून घ्यावीत. दाराची दांडी किंवा दुसऱ्याच्या पेटीची कडी त्यांत अडकली, म्हणजे मनुष्य एकीकडे आणि पट्टा दुसरीकडे ओढला जातो.

सॅक कोठे घ्यावयाची हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळील वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलमधून दाराशी लोंबकळणारे उतारू खाली पडले आणि त्यांतील चौघांचे प्राण त्याच दिवशी गेले; रेल्वेने प्रथम जे निवेदन केले त्यात, दोन गाड्यांच्या पायदानांवर उभ्या असलेल्यांची शरीरे आणि पाठीवरच्या पिशव्या एकमेकांस घासल्या, असे कारण सांगण्यात आले होते. पाठीवर घेतलेली भरलेली सॅक मनुष्याला जवळजवळ हातभर जाड करते, आणि हा वाढलेला भाग त्याच्या दृष्टीस पडत नाही, इतकेच नव्हे तर स्पर्शानेही त्याला तो पुरता कळत नाही. म्हणून गर्दीत शिरण्यापूर्वीच सॅक पुढे, छातीवर घ्यावी. तिचे तीन उपयोग आहेत: ती डोळ्यांसमोर राहते, तिचा चोरकप्पा दुसऱ्याच्या हाती लागत नाही, आणि दाब वाढला असता छाती व समोरच्या मनुष्याची पाठ यांच्यामध्ये ती एक पोकळी राखते. मात्र तिचा कमरेचा पट्टा बांधू नये; प्रसंग पडल्यास ती एका झटक्यात टाकून देता आली पाहिजे. पैसे, तिकीट, ओळखपत्र व फोन या चार वस्तू मात्र सॅकेतही नव्हे, अंगावरच्या आतल्या खिशात असाव्यात, म्हणजे सामान टाकण्याचा निर्णय घेताना मन कचरणार नाही.

तिकिटासंबंधी दोनच बाबी सांगतो. दोनशे किलोमीटरच्या आतील प्रवासाचे अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत, अथवा त्यानंतर त्या ठिकाणाकडे जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो. दोनशे किलोमीटर व त्यापुढील अंतराचे तिकीट मात्र तीन दिवस आधी काढता येते. ज्याला नागपूर किंवा गोंदियाकडे जावयाचे आहे त्याने ही सवलत अवश्य घ्यावी, कारण खिडकीपुढील रांगेत घालवलेला वेळ फलाटावरील वेळेतून वजा होतो, आणि उशीर झालेला मनुष्यच धावतो. दुसरी बाब अशी की, सुपरफास्ट गाडीस वेगळा अधिभार पडतो. साधे तिकीट घेऊन तीत बसल्यास तपासनीस फरक वसूल करील. अनारक्षित तिकिटावर आरक्षित डब्यात शिरून बसणे हा गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवून, दार चुकले म्हणून त्या डब्यातच मुक्काम ठोकू नये.

आता एक दाखला घेऊन सारा क्रम पाहू. सोमाटण्याचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी वर्ध्यास चालला आहे असे धरू. आरक्षण मिळालेले नाही, आणि तो पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरणार आहे. ही गाडी कोल्हापूरहून निघून मिरज, सांगली, कराड, साताऱ्यावरून पुण्यास येते आणि मनमाड, भुसावळ, वर्धा, नागपूर करीत गोंदियास जाते. यातून त्याच्या पहिल्या हिशेबाची गोष्ट निघते: पुणे हे या गाडीचे मधले स्थानक आहे. डबा तेथे येईल तेव्हा भरलेला असेल, तो आधी उतरणाऱ्यांनी काही अंशी रिकामा होईल आणि मग चढणाऱ्यांनी पुन्हा भरेल. म्हणजे चढण्याचा खरा अवधी गाडीच्या थांब्याहून पुष्कळ कमी. जी गाडी पुण्यातूनच सुटते तिचा प्रकार याहून निराळा असतो. तिचे डबे यार्डातून रिकामे, संथ चालीने फलाटाला येतात, त्यांची दारे उघडी असतात, आणि ‘जागा धरण्याच्या’ लोभाने लोक चालत्या डब्यात उड्या टाकू लागतात. हा दुसरा प्रकार पहिल्याहून अधिक घातक असतो. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसच्या पहिल्या फलाटावर गोरखपूरला जाणारी संपूर्ण अनारक्षित अंत्योदय एक्सप्रेस लागत असताना हेच घडले. गाडी सुटावयाची पहाटे पाचनंतर. डबे आले तीनच्या सुमारास. म्हणजे दोन तासांचा अवकाश हाताशी होता. तरीही चालत्या गाडीत शिरण्यासाठी लोक सरसावले, त्या रेटारेटीत माणसे पडली, आणि नऊ जण जखमी झाल्याची नोंद झाली. त्यानंतर मध्य रेल्वेने काही दिवस मुंबईच्या मोठ्या स्थानकांवर आणि पुण्यासही फलाट तिकिटांची विक्री थांबविली होती.

चालत्या गाडीचा हिशेब एकदा करून पाहावा. ताशी दहा किलोमीटर ही चाल पाहणाऱ्यास रांगण्यासारखी वाटते. पण ती सेकंदास पावणेतीन मीटर भरते, आणि वीस किलो ओझे घेऊन चालणारा मनुष्य सेकंदास एक-सव्वा मीटरच्या पुढे जात नाही. अशा मनुष्याने दांडी धरताच त्याचा हात गाडीच्या वेगाने पुढे जातो, पाय त्याच्या स्वतःच्या वेगाने मागे राहतात, आणि ओझे ज्या हातात असेल त्या बाजूस शरीर फिरते. मग जे पाऊल पायरीवर पडावयाचे ते पायरी आणि फलाट यांच्यामधल्या फटीकडे जाते. दांडी हातून सुटली नाही तर तो ओढला जातो, सुटली तर फटीत पडतो. यात बळाचा किंवा चपळपणाचा प्रश्न नाही. रिकाम्या हाताने जे एखाद्यास शंभर वेळा साधले ते ओझे घेऊन एकशे एकाव्या वेळी साधत नाही, कारण ओझ्याने शरीराचा तोलच बदललेला असतो. म्हणून गाडी पूर्ण थांबेपर्यंत दांडीस हात लावावयाचा नाही, आणि गाडी हलल्यावर, दांडी हातात असली तरी ती सोडून मागे सरकावयाचे, हा एकच नियम या प्रकरणात मी बिनशर्त म्हणून सांगतो.

आपला मुलगा दोन लोकल आधीची धरून पुण्यास पोहोचला आहे. जिना चढताना त्याने कठड्याची बाजू धरली आणि मध्ये कोठेही सामान टेकवले नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकावर जे अठरा लोक चेंगरून मेले, त्या दुर्घटनेविषयी रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या उत्तरात असे सांगितले की, पादचारी पुलाच्या जिन्यावर एका प्रवाशाच्या डोक्यावरील मोठे गाठोडे खाली पडले आणि त्यात पाय अडकून लोक एकावर एक कोसळले. जिन्यावर खाली पडलेली वस्तू ही तिच्या धन्याच्या दृष्टीने नुकसान असेल, पण मागून येणाऱ्या शेकडो माणसांच्या दृष्टीने ती अदृश्य पायरी असते. ती उचलावयास कधीही वाकू नये.

फलाटावर आल्यावर अनारक्षित डबे कोठे थांबणार याची चौकशी करावी. सामान्यतः ते इंजिनापाशी आणि गाडीच्या अगदी शेवटास जोडलेले असतात. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास लांब असल्याने, चुकीच्या टोकाशी उभा राहिलेला मनुष्य ऐनवेळी सामानासह तेवढे अंतर धावू लागतो. फलाटावरील डबादर्शक पाट्या दिव्यांनी दाखवतात ते पाहावे, पण त्यावर बिल्लेवाल्या हमालाचे किंवा फलाटावरील चहावाल्याचे मत अवश्य घ्यावे. त्यांना गाडीची रोजची रचना पाठ असते. दोन्ही टोकांस अनारक्षित डबे असतील, तर जिन्यापासून दूरचे टोक निवडावे, कारण बहुतेक लोक जिन्यावरून उतरताच जवळचा डबा धरतात. महिलांसाठी काही गाड्यांत शेवटच्या डब्याचा एक भाग राखून ठेवलेला असतो, व दिव्यांगांचाही कप्पा निराळा असतो. एकट्या स्त्री-प्रवाशाने आधी त्याची चौकशी करावी, आणि इतरांनी त्या दोहोंत पाऊल टाकू नये.

उभे राहावयाचे ते पिवळ्या पट्टीच्या आत, दार जेथे येईल असे वाटते त्याच्या नेमके समोर नव्हे, तर किंचित एका बाजूस. समोर उभा राहणारा उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात सापडतो आणि मागच्यांच्या रेट्याने पुढे दाबला जातो. बाजूस उभा राहणारा डब्याच्या भिंतीच्या आधाराने दारापाशी सरकतो. गाडी थांबली. आता अनुभवी आणि नवखा यांतील फरक दिसून येतो: नवखा लगेच मुसंडी मारतो, अनुभवी मनुष्य उतरणारे संपेपर्यंत थांबतो, कारण आतले बाहेर आल्यावाचून आत जागाच होत नाही हे त्याला ठाऊक असते. उतरणारे संपले, की सॅक छातीवर, पिशवी आतल्या हातात आणि बाहेरचा हात दांडीवर, अशा रीतीने एक पाय पायरीवर घट्ट रोवून मग दुसरा उचलावा. पिशवी जड असेल तर चढण्यापूर्वी ती दारातल्या मनुष्याच्या हाती द्यावी. ‘दादा, एवढी आत घ्या, मीही चढतोय’ असे म्हटल्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही. आत पाऊल पडताच थांबू नये, दारातच सामान टेकू नये, तसेच दोन-तीन हात पुढे, शौचालयाच्या पलीकडे, बोळात जावे. मागे उभ्या असलेल्या दहा माणसांचा रेटा त्याने नाहीसा होतो.

दोघे असल्यास क्रम ठरवून घ्यावा. धडधाकट असेल त्याने सामानाशिवाय आधी चढावे, दुसऱ्याने खालून एकेक नग द्यावा, आणि शेवटी स्वतः चढावे. परंतु अर्धे सामान आत आणि एक माणूस बाहेर असताना गाडी हलली, तर खालच्याने धावू नये. आतल्याने पुढच्या थांब्यावर सामानासह उतरावे आणि दोघांनी फोनवर बोलून भेटावे, हे आधीच ठरलेले असले म्हणजे त्या क्षणी कोणाचेही डोके बिघडत नाही. लहान मूल बरोबर असल्यास मात्र हा क्रम मोडावा: मूल आणि त्याचा हात धरणारा मनुष्य एकदमच चढले पाहिजेत, मूल खिडकीतून आत देऊन स्वतः दाराकडे धावण्याचा प्रकार कदापि करू नये, कारण गाडी सुटल्यास मूल एका गावी आणि आई दुसऱ्या गावी, असा प्रसंग उभा राहतो. खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरण्याच्या रूढीविषयीही हेच. पिशवी आत गेली की तिच्या मागे जाण्याची अनिवार ओढ उत्पन्न होते, आणि गाडी सुटत असताना तिच्यासाठीच मनुष्य दांडीला झोंबतो.

दाराशी दाब वाढू लागला आहे हे कसे ओळखावे? आपले पाय आपल्या इच्छेने पडेनासे झाले, हात वर घेण्यास जागा उरली नाही, आणि गर्दी एका लाटेसारखी पुढेमागे हलू लागली, म्हणजे जाणावे की ही दाटी आता माणसांच्या ताब्यात राहिलेली नाही. अशा चेंगराचेंगरीत बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने नव्हे, तर छाती चारी बाजूंनी दाबली जाऊन श्वास घेता न आल्याने होतात, आणि उभ्या उभ्याच होतात. तेव्हा दोन्ही कोपरे पुढे घेऊन छातीसमोर मुष्टियुद्ध करणाऱ्यासारखे हात धरावेत. लाटेच्या उलट जोर करू नये, तिच्या जोराबरोबर जाऊन ती ओसरताना तिरपे बाजूस सरकत भिंतीपासून व खांबापासून दूर, मोकळ्या जागेकडे निघावे. हातातील पिशवी सोडून द्यावी. ओरडण्यात श्वास खर्चू नये. आणि पडलाच कोणी, तर त्याला उठविण्यासाठी दोघांनी हात द्यावा व बाकीच्यांनी पाठीने रेटा थोपवावा. या लक्षणांपैकी पहिले दिसताच बाहेर पडणे सोपे असते, तिसरे दिसेपर्यंत थांबल्यास ते आपल्या हाती राहत नाही.

आपला मुलगा एकदाचा आत पोहोचला आहे. त्याला बसावयास जागा मिळाली नाही, ती मिळण्याची अपेक्षाही त्याने धरली नव्हती. त्याने सॅक वरच्या फळीवर, नजरेच्या टप्प्यात ठेवली, पिशवी बाकाखाली सारून तिचा पट्टा बाकाच्या पायाला साखळीने अडकविला, आणि दारापासून दूर, दोन कप्प्यांच्या मधल्या बोळात उभा राहिला. वारा लागतो म्हणून दाराच्या पायरीवर बसण्याचा मोह रात्री फार होतो. परंतु पायदानावरून वा टपावरून प्रवास करणे कायद्याने दंडनीय आहे, आणि मुख्य म्हणजे पेंगलेल्या माणसाचे शरीर डब्याच्या एका हिसक्यात बाहेर जाते. मनमाड, भुसावळ अशा मोठ्या स्थानकांवर पुष्कळ लोक उतरतात. तेथे बसावयास मिळेल हे जाणून त्याने पहिले काही तास धीराने उभ्याने काढावेत. शेजाऱ्यास विचारून घ्यावे, ‘काका, तुम्ही कुठपर्यंत?’ जो आधी उतरणार त्याच्या बाकाजवळ उभे राहणारा आधी बसतो, आणि सामानावर शेजाऱ्याची नजर राहते. अनोळखी माणसाने दिलेले बिस्किट, चहा, प्रसाद नम्रपणे नाकारावा. भांडण वाढले, कोणी छळ केला किंवा कोणास ग्लानी आली, तर १३९ या क्रमांकावर गाडीचे नाव, डबा आणि पुढचे स्थानक सांगावे. माणूस दारातून पडल्यास किंवा जिवावरचा प्रसंग असल्यास साखळी ओढण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, मात्र आपले सामान मागे राहिले वा भाऊ चढावयाचा राहिला, एवढ्यासाठी ती ओढल्यास दंड किंवा कैद होऊ शकते.

आणि तो चढू शकला नाही तर? हा प्रश्न मी शेवटास ठेवला, कारण याचे उत्तर घरातून निघण्यापूर्वीच तयार असले पाहिजे. ज्या मनुष्याने ‘हीच गाडी’ असा निश्चय केलेला असतो तो दाराशी लोंबकळतो. ज्याने दुसऱ्या गाडीचा वा एस.टी.च्या रात्रीच्या बसचा विचार करून ठेवलेला असतो, घरच्यांना ‘एक दिवस उशीर झाला तरी काळजी करू नका’ असे सांगून ठेवलेले असते, तो दांडी सोडून शांतपणे मागे सरकू शकतो. तेव्हा सोमाटण्यातल्या आयाबायांना आणि थोरल्यांना माझी विनंती आहे की, मुलाच्या पिशवीत दशम्यांबरोबर एका दिवसाच्या जादा खर्चाचे पैसे वेगळे बांधून द्या, आणि ते कशासाठी दिले आहेत हे त्याला निघण्याच्या आधी स्पष्ट सांगा: गाडी सुटली तर तिच्या मागे धावू नकोस, तळेगावची लोकल धरून घरी परत ये.